संचित वारंवारता सारणीवरून मध्य, मध्यक आणि बहुलक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या सांख्यिकीत वर्गीकृत सामग्री पुष्कळदा साध्या वारंवारता सारणीऐवजी संचित वारंवारतेच्या रूपात दिलेली असते. अशा वेळी तिन्ही सूत्रे पाठ असलेल्या विद्यार्थ्याचेही उत्तर चुकते, कारण सारणीतील कोणता आकडा कोणत्या सूत्रात घ्यायचा, याचा गोंधळ होतो. म्हणून येथे एकच उदाहरण घेऊन त्यावरच सर्व प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.

समजा, 80 विद्यार्थ्यांना एक कोडे सोडवण्यासाठी लागलेला वेळ मिनिटांत मोजला आणि पुढील माहिती मिळाली.

| लागलेला वेळ (मिनिटे) | विद्यार्थ्यांची संख्या |
|---|---|
| 10 पेक्षा कमी | 6 |
| 20 पेक्षा कमी | 16 |
| 30 पेक्षा कमी | 38 |
| 40 पेक्षा कमी | 58 |
| 50 पेक्षा कमी | 72 |
| 60 पेक्षा कमी | 80 |

या सारणीतील 38 हा आकडा नेमके काय सांगतो?

ज्यांना 30 मिनिटांपेक्षा कमी वेळ लागला, अशा सर्व विद्यार्थ्यांची ती एकत्र संख्या आहे. पाच मिनिटांत कोडे सोडवणारा विद्यार्थी जसा त्यात मोजलेला आहे, तसाच सत्तावीस मिनिटे लागलेला विद्यार्थीही आहे. हे 38 विद्यार्थी 20 ते 30 या वर्गात आहेत, असे समजणे ही या प्रकरणातील सर्वांत मोठी चूक होय, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. संचित वारंवारता म्हणजे सुरुवातीपासून त्या वरच्या वर्गमर्यादेपर्यंत साठत आलेली संख्या. एका वर्गाची स्वतःची संख्या तिच्यापेक्षा वेगळी असते.

मग प्रत्येक वर्गाची स्वतःची वारंवारता कशी काढायची?

प्रत्येक संचित वारंवारतेतून तिच्या लगतच्या आधीची संचित वारंवारता वजा करावी. पहिल्या वर्गाच्या आधी काहीच नसल्यामुळे त्याची वारंवारता 6 हीच राहते. दुसऱ्याची 16 − 6 = 10, तिसऱ्याची 38 − 16 = 22, आणि याच रीतीने पुढे 20, 14 व 8 मिळतात. आता पूर्ण सारणी अशी होते.

| वर्ग | वारंवारता (f) | संचित वारंवारता (cf) | वर्गमध्य (x) |
|---|---|---|---|
| 0–10 | 6 | 6 | 5 |
| 10–20 | 10 | 16 | 15 |
| 20–30 | 22 | 38 | 25 |
| 30–40 | 20 | 58 | 35 |
| 40–50 | 14 | 72 | 45 |
| 50–60 | 8 | 80 | 55 |

येथे दोन गोष्टी लगेच तपासून घ्याव्यात. वारंवारतांची बेरीज शेवटच्या संचित वारंवारतेइतकी, म्हणजे 80, आली पाहिजे, आणि कोणतीही वारंवारता ऋण येता कामा नये. ऋण आली तर एखादा आकडा उतरवताना चुकला आहे किंवा सारणी ‘पेक्षा जास्त’ प्रकारची आहे, असे समजावे. पहिल्या वर्गाची खालची मर्यादा 0 घेतली आहे, कारण वेळ ऋण असू शकत नाही आणि बाकीचे वर्गही दहा-दहाच्या अंतराचे आहेत. ज्याला बरोबर 10 मिनिटे लागली, तो ‘10 पेक्षा कमी’ मध्ये बसत नाही. तो 10–20 या वर्गात मोजला जातो.

मध्य काढताना संचित वारंवारता वापरतात का?

सूत्रात ती वापरत नाहीत. मध्य काढण्यासाठी वर्गमध्य आणि वर्गाची स्वतःची वारंवारता हे दोनच स्तंभ लागतात. संख्या लहान राहाव्यात म्हणून गृहीत मध्य A = 35 घेऊ. वर्गांतर h = 10 आहे, म्हणून u = (x − A)/h या सूत्राने u च्या किमती अनुक्रमे −3, −2, −1, 0, 1, 2 येतात. प्रत्येकीला तिच्या वारंवारतेने गुणले की −18, −20, −22, 0, 14, 16 मिळतात आणि त्यांची बेरीज −30 येते.

```
मध्य = A + (Σfu / Σf) × h
     = 35 + (−30 / 80) × 10
     = 35 − 3.75
     = 31.25
```

म्हणजे मध्य 31.25 मिनिटे आला. A म्हणून दुसरा कोणताही वर्गमध्य घेतला, तरी उत्तर हेच येते. मधला वर्गमध्य केवळ आकडेमोड सोपी व्हावी म्हणून घ्यायचा.

चुकून f च्या जागी cf घेतली तर चूक कळते का?

नेहमीच कळते असे नाही, म्हणून ती अधिक घातक आहे. वर्गमध्यांना संचित वारंवारतांनी गुणून बेरीज केली तर 10890 येते. तिला 80 ने भागले तर उत्तर 136 च्या आसपास जाते. सगळी निरीक्षणे 60 च्या आत असताना मध्य 136 असणे अशक्य असल्यामुळे येथे चूक स्वतःहून उघडी पडते. परंतु विद्यार्थी सवयीप्रमाणे त्याच चुकीच्या स्तंभाची बेरीज करतो, ती 270 येते, आणि 10890 ला 270 ने भागल्यावर सुमारे 40.33 मिळते. हा आकडा 0 ते 60 च्या आतला असतो, दिसायला अगदी योग्य वाटतो आणि तरीही पूर्णपणे चुकीचा असतो. म्हणून गुणाकार सुरू करण्यापूर्वी स्तंभाची बेरीज 80 येते की नाही, हे पाहणे हाच येथे खरा उपाय आहे.

संचित वारंवारतेवरून मध्य पडताळून पाहण्याची काही रीत आहे का?

आहे, आणि ती माहीत असल्यास सारणी अधिक चांगली समजते. सर्व 80 विद्यार्थी शेवटच्या वर्गात आहेत असे क्षणभर माना. मग प्रत्येकाची किंमत 55 धरली जाईल. पण यांपैकी 72 विद्यार्थी 50 च्या खाली आहेत, म्हणून त्यांना एक वर्ग, म्हणजे 10 मिनिटे, खाली आणावे लागेल. त्या 72 पैकी 58 जणांना आणखी एक वर्ग खाली आणावे लागेल, त्यांतील 38 जणांना आणखी एक, मग 16 जणांना आणि शेवटी 6 जणांना. एकूण 72 + 58 + 38 + 16 + 6 = 190 पायऱ्या उतराव्या लागल्या.

```
मध्य = 55 − (190 / 80) × 10 = 55 − 23.75 = 31.25
```

आधीचेच उत्तर आले. शेवटची संचित वारंवारता 80 या बेरजेत घ्यायची नाही, एवढे लक्षात ठेवावे. ही रीत फक्त सर्व वर्ग सारख्या अंतराचे असतील तेव्हाच चालते. उत्तरपत्रिकेत मात्र नेहमीच्या पद्धतीनेच उदाहरण सोडवावे आणि ही पडताळणी कच्च्या कामात ठेवावी.

मध्यकीय वर्ग कसा ओळखायचा?

एकूण वारंवारता N = 80, म्हणून N/2 = 40. संचित वारंवारतेच्या स्तंभात वरून खाली येताना जी संचित वारंवारता प्रथम 40 किंवा त्याहून मोठी होते, तिचा वर्ग हा मध्यकीय वर्ग. 38 ही 40 पेक्षा लहान आहे आणि 58 मोठी, म्हणून मध्यकीय वर्ग 30–40 ठरतो. 38 हा आकडा 40 च्या जास्त जवळ आहे म्हणून 20–30 हा वर्ग घ्यावा, असे काहींना वाटते. परंतु येथे जवळ असण्याचा संबंध नाही. चाळीसावे स्थान ओलांडले कुठे जाते, एवढेच पाहायचे असते.

मध्यकाच्या सूत्रातील cf म्हणजे कोणती संचित वारंवारता?

मध्यकीय वर्गाच्या लगतच्या आधीच्या वर्गाची, म्हणजे येथे 38. याउलट f मात्र मध्यकीय वर्गाची स्वतःची वारंवारता, म्हणजे 20. सूत्रातील दोन आकडे सारणीच्या दोन वेगवेगळ्या ओळींतून येतात, यामुळेच सर्वाधिक गोंधळ होतो.

```
मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h
      = 30 + ((40 − 38) / 20) × 10
      = 30 + 1
      = 31
```

हे सूत्र काय करते, ते शब्दांत पाहू. 30 मिनिटांपर्यंत 38 विद्यार्थी संपले. निम्मी संख्या पूर्ण होण्यासाठी आणखी 2 हवेत. पुढच्या वर्गात 20 विद्यार्थी आहेत आणि ते 30 ते 40 या दहा मिनिटांत समान अंतराने पसरले आहेत असे आपण मानतो. वीस विद्यार्थ्यांना दहा मिनिटांची जागा, तर दोघांना एक मिनिटाची. म्हणून मध्यक 30 च्या पुढे एक मिनिट, म्हणजे 31. ज्याला एवढा विचार करता येतो, त्याचे सूत्र सहसा चुकत नाही, कारण cf हे ‘आधीच संपलेले विद्यार्थी’ आणि f हे ‘या वर्गात वाटायचे विद्यार्थी’ हे त्याला दिसत असते.

cf चुकीची घेतली आहे, हे उत्तरावरून ओळखता येते का?

येते, आणि मध्यकाच्या बाबतीत ही खूण खात्रीची आहे. समजा 38 ऐवजी मध्यकीय वर्गाचीच संचित वारंवारता 58 घेतली. मग N/2 − cf ची किंमत −18 येईल आणि मध्यक 30 − 9 = 21 मिळेल. पण मध्यक 30–40 या वर्गात आहे, असे आपणच आधी ठरवले होते. त्यामुळे 21 हे उत्तर असूच शकत नाही. (N/2 − cf) ऋण आले किंवा f पेक्षा मोठे आले, की थांबून सारणीकडे परत जावे.

N विषम असेल तर (N + 1)/2 घ्यायचे का?

वर्गीकृत सामग्रीसाठी N सम असो वा विषम, N/2 च घ्यावे. सुट्या निरीक्षणांची रांग लावलेली असते तेव्हा मधले निरीक्षण नेमके कितवे, हे शोधायचे असते आणि म्हणून तेथे (N + 1)/2 येते. वर्गीकरण केल्यावर सुटी निरीक्षणे आपल्या हाती राहत नाहीत. एकूण वारंवारता ज्या बिंदूपाशी निम्मी होते, तो बिंदू आपण शोधत असतो. म्हणून N = 75 असेल तर 37.5 हाच आकडा घेऊन पुढे जावे आणि त्याला पूर्णांक करू नये.

N/2 एखाद्या संचित वारंवारतेइतकेच आले तर कोणता वर्ग घ्यावा?

समजा ‘30 पेक्षा कमी’ च्या पुढे 38 ऐवजी बरोबर 40 असते. मग 20–30 हा वर्ग घेतला तर मध्यक त्या वर्गाच्या वरच्या टोकाशी, 30 वर, येतो; आणि 30–40 घेतला तर N/2 − cf शून्य होऊन तो खालच्या टोकाशी, पुन्हा 30 वरच येतो. उत्तर एकच असल्यामुळे काळजीचे कारण नाही; वरच्या नियमाप्रमाणे 20–30 घेणे सोयीचे.

बहुलकीय वर्ग शोधताना कोणता स्तंभ पाहायचा?

केवळ वारंवारतेचा. संचित वारंवारतेच्या स्तंभातील सर्वांत मोठा आकडा नेहमी शेवटच्या ओळीतच असतो, म्हणून त्या स्तंभावरून बहुलकीय वर्ग ठरवणाऱ्याचे उत्तर प्रत्येक उदाहरणात शेवटचाच वर्ग येईल. आपल्या सारणीत सर्वांत मोठी वारंवारता 22 आहे, म्हणून बहुलकीय वर्ग 20–30. येथे मध्यकीय वर्ग 30–40 होता. हे दोन वर्ग एकच असले पाहिजेत असा कोणताही नियम नाही, आणि एकासाठी घेतलेला L दुसऱ्यासाठी तसाच पुढे नेऊ नये.

बहुलकीय वर्गाची वारंवारता f1 = 22, त्याच्या आधीच्या वर्गाची f0 = 10 आणि नंतरच्या वर्गाची f2 = 20.

```
बहुलक = L + ((f1 − f0) / (2f1 − f0 − f2)) × h
      = 20 + ((22 − 10) / (44 − 10 − 20)) × 10
      = 20 + (12 / 14) × 10
      = 28.57 (सुमारे)
```

छेदाकडे नीट पाहिले तर तो (f1 − f0) + (f1 − f2), म्हणजे 12 + 2 आहे. याचा अर्थ 20 ते 30 ही दहा मिनिटांची लांबी 12 : 2 या प्रमाणात विभागली आहे आणि त्या विभाजनबिंदूला आपण बहुलक म्हणतो. पुढच्या वर्गात 20 विद्यार्थी आहेत आणि मागच्या वर्गात फक्त 10, म्हणून गर्दीचा कल पुढच्या वर्गाकडे आहे आणि बहुलक वर्गाच्या मधोमध 25 वर न राहता 30 च्या जवळ सरकला आहे. ही पडताळणी फार उपयोगी आहे: ज्या बाजूच्या शेजारी वर्गाची वारंवारता मोठी, त्याच बाजूला बहुलक झुकलेला दिसला पाहिजे. 21.43 असे उत्तर आले, तर f0 आणि f2 यांची अदलाबदल झाली आहे.

सर्वांत मोठी वारंवारता पहिल्या किंवा शेवटच्या वर्गात असेल, किंवा दोन वर्गांत समान असेल तर?

पहिल्या वर्गात असेल तर f0 = 0 आणि शेवटच्या वर्गात असेल तर f2 = 0 घ्यावे. शेजारच्या दोन वर्गांत समान असेल तर सूत्रातून त्या दोघांची सामाईक मर्यादा हाच बहुलक येतो, कोणताही वर्ग घेतला तरी. परंतु एकमेकांपासून दूर असलेल्या दोन वर्गांत सर्वांत मोठी वारंवारता समान असेल, तर सामग्रीला दोन बहुलक आहेत. त्यांची सरासरी काढून एक आकडा तयार करणे चुकीचे आहे, कारण त्या सरासरीच्या ठिकाणी कदाचित सर्वांत कमी निरीक्षणे असतील.

सारणी ‘पेक्षा जास्त’ प्रकारची दिली असेल तर?

आपलीच माहिती ‘0 किंवा त्याहून जास्त: 80, 10 किंवा त्याहून जास्त: 74’ अशी सुरू करून पुढे 64, 42, 22, 8 अशी दिली जाऊ शकते. येथे आकडे उतरत जातात, म्हणून प्रत्येक आकड्यातून त्याच्या पुढचा आकडा वजा करावा: 80 − 74 = 6, 74 − 64 = 10, आणि असेच पुढे. शेवटच्या वर्गाची वारंवारता 8 हीच राहते. दिलेला आकडा येथे वर्गाच्या खालच्या मर्यादेशी जोडलेला असतो, म्हणून 74 समोरच्या ओळीचा वर्ग 10–20 हा आहे. मध्यकाच्या सूत्रात मात्र हे उतरते आकडे घेऊ नयेत. वारंवारता काढून झाल्यावर ‘पेक्षा कमी’ प्रकारची संचित वारंवारता नव्याने तयार करावी.

वर्ग 0–9, 10–19, 20–29 असे तुटक असतील तर काय बदलते?

मध्यक व बहुलक काढण्यापूर्वी वर्ग सलग करून घ्यावे लागतात. एका वर्गाची वरची मर्यादा 9 आणि पुढच्याची खालची 10, यांतील फरक 1 आहे; त्याचा निम्मा 0.5 प्रत्येक खालच्या मर्यादेतून वजा करावा व प्रत्येक वरच्या मर्यादेत मिळवावा. मग 30–39 हा वर्ग 29.5–39.5 असा होतो. वारंवारता आपल्या उदाहरणातल्याच ठेवल्या, तर L = 29.5 आणि मध्यक 30.5 येतो.

येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे L साठी 30 च घेतले जाते. दुसरे म्हणजे 39 − 30 = 9 असे करून h = 9 लिहिले जाते, वास्तविक ते 10 आहे. मध्यासाठी मात्र वर्ग सलग केले नाहीत तरी चालते, कारण 30–39 आणि 29.5–39.5 या दोघांचाही वर्गमध्य 34.5 च आहे.

शेवटचा वर्ग ‘50 पेक्षा जास्त’ असा उघडा असेल तर तिन्ही मापे काढता येतील का?

मध्य काढता येणार नाही, कारण त्या वर्गाला वरची मर्यादा नाही आणि म्हणून वर्गमध्यही नाही. वरची मर्यादा मनाने धरली तर उत्तर त्या धरलेल्या आकड्यावर अवलंबून राहील. आपल्या उदाहरणात मध्यक आणि बहुलक निर्धास्त काढता येतात, कारण त्यांच्यासाठी लागणारे वर्ग शेवटच्या वर्गापासून दूर आहेत. शेवटच्या वर्गातील 8 विद्यार्थ्यांना 55 मिनिटे लागली काय किंवा 90 लागली काय, चाळीसावे स्थान जिथे आहे तिथेच राहते.

31.25, 31 आणि 28.57 अशी तीन वेगवेगळी उत्तरे आली, म्हणजे कुठे चूक झाली आहे का?

नाही. तिन्ही मापे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. सर्वांचा एकूण वेळ सगळ्यांत सारखा वाटला तर प्रत्येकाला किती येईल, हे मध्य सांगतो. निम्मे विद्यार्थी कोणत्या वेळेच्या आत संपले, हे मध्यक सांगतो. आणि सर्वांत दाट गर्दी कोणत्या वेळेपाशी आहे, हे बहुलक सांगतो. येथे गर्दीचे शिखर 20–30 या वर्गात आहे आणि तेथून सारणी 60 पर्यंत लांब पसरत गेली आहे, म्हणून मध्य व मध्यक शिखराच्या पुढे गेले आहेत.

बहुलक = 3 × मध्यक − 2 × मध्य हे सूत्र वापरून तिसरे माप काढले तर चालेल का?

प्रश्नात दोन मापे देऊन तिसरे अंदाजे काढायला सांगितले असेल, तरच ते वापरावे. आपल्या आकड्यांवर ते करून पाहिले तर 3 × 31 − 2 × 31.25 = 30.5 येते, आणि सूत्राने काढलेला बहुलक 28.57 होता. हा फरक आकडेमोडीच्या चुकीमुळे आलेला नाही. हा संबंध अनुभवावर आधारलेला असून माफक झुकलेल्या, एकच शिखर असलेल्या सामग्रीत तो साधारणपणे जुळतो, तंतोतंत जुळण्याची खात्री नसते. येथे तर 30.5 हा आकडा बहुलकीय वर्ग 20–30 च्या बाहेरच पडला आहे. म्हणून पूर्ण सारणी हाती असताना बहुलक सारणीवरूनच काढावा, आणि या संबंधावरून आपले बरोबर आलेले उत्तर खोडू नये.